दुसरा हप्ता मागताना

पत्र दोन पानांचे होते. पहिल्या परिच्छेदात संस्थेच्या स्थापनेपासूनचा इतिहास, दुसऱ्यात पाड्यावरच्या बायकांची पाण्यासाठीची पायपीट, तिसऱ्यात निधी देणाऱ्या कंपनीचे आभार. दुसऱ्या पानाच्या तळाशी, सहीच्या जरा वर, मूळ मुद्दा आला होता : "तरी आपण दिलेल्या पहिल्या हप्त्याचा पूर्णपणे योग्य विनियोग झालेला असून, निधीअभावी पुढील काम रखडण्याची शक्यता आहे. कृपया पुढील हप्ता लवकरात लवकर देऊन सहकार्य करावे, ही नम्र विनंती."

प्रकल्पाच्या समन्वयक ताई ते पत्र घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सर, पाठवण्याआधी एकदा बघता का?" मी लहान संस्थांचे हिशेब बघतो, त्यामुळे दर वर्षी अशी दहा-बारा पत्रे माझ्यासमोर येतात. या पत्रात खोटे काहीच नव्हते. पण ते वाचून कोणालाही पैसे सोडता आले नसते. किती रुपये हवेत, कोणत्या करारातले, आधीच्या पैशांचे नेमके काय झाले आणि 'लवकरात लवकर' म्हणजे कोणत्या तारखेला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

त्या दुपारी ते पत्र आम्ही पुन्हा लिहिले. संस्थेचे नाव बाजूला ठेवून आणि आकडे समजायला सोपे जातील असे करून ती सगळी प्रक्रिया इथे मांडतो आहे.

पत्र कोणाच्या टेबलावर जाते

आधी प्रकल्प सांगतो. जव्हार-मोखाड्याच्या बाजूचे काही पाडे. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो, पण उतारावरून सगळे पाणी वाहून जाते आणि एप्रिल उजाडला की विहिरी तळ गाठतात. घराच्या छपरावरचे पाणी पन्हळीने घेऊन ५,००० लिटरच्या फेरोसिमेंटच्या टाकीत साठवायचे, असे काम. लोखंडी जाळीवर सिमेंटचा पातळ गिलावा देऊन ही टाकी जागेवरच बांधतात. एकूण २६ टाक्या, गावातल्याच गवंड्यांना प्रशिक्षण, एक क्षेत्र समन्वयक, मुदत १ ऑक्टोबरपासून एक वर्ष. मंजूर निधी १०,९६,००० रुपये, तीन हप्त्यांत : ५ लाख, ५ लाख आणि अंतिम अहवालानंतर ९६ हजार. करारातली अट अशी की, पहिल्या हप्त्यातले किमान ८० टक्के खर्च झाल्यावर, खर्चाचा गोषवारा आणि प्रगती अहवाल जोडून दुसरा हप्ता मागायचा.

पैसे कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून आलेले होते. कंपनीत पत्र ज्याच्या टेबलावर जाते तो माणूस बहुतेक वेळा एकटा निर्णय घेत नाही. तो पत्र वाचतो, एक छोटे टिपण तयार करतो आणि वित्त विभागाकडे पाठवतो. टिपणात चार-पाच ओळी असतात. करार कोणता, आजवर किती दिले, त्यातले किती खर्च झाले, अट पूर्ण झाली का, आता किती सोडायचे. पत्रात या ओळी तयार असतील तर तो त्या उतरवून घेतो. नसतील तर त्याला त्या शोधाव्या लागतात, आणि सापडल्या नाहीत की 'कृपया सविस्तर माहिती पाठवावी' असे उत्तर येते. त्या एका उत्तरात दोन-तीन आठवडे सहज जातात.

कंपनीच्या मागेही कायद्याचा रेटा असतो. २०२१ मध्ये सीएसआरचे नियम बदलले. दिलेला निधी ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या रीतीने वापरला गेला याची खातरजमा संचालक मंडळाने करायची आणि वित्तप्रमुखाने तसे प्रमाणित करायचे, असे नियमात आले. संस्थेच्या खात्यात पैसे वर्ग केले म्हणजे ते कंपनीच्या हिशेबात खर्च झाले असे धरले जात नाही, संस्थेने ते कामावर वापरावे लागतात. म्हणजे ताईंच्या पत्रातला खर्चाचा आकडा पुढे कंपनीच्या वित्तप्रमुखाच्या सहीखाली जाणार होता. असा माणूस 'पूर्णपणे योग्य विनियोग' या शब्दांवर सही करू शकत नाही. त्याला रुपयांत आकडा लागतो.

म्हणून पत्र पुन्हा लिहिताना आम्ही आधी भाषेला हात लावला नाही. आधी पासबुक उघडले.

४,९१,००० की ४,६६,०००?

मूळ पत्राला जोडलेल्या तक्त्यात ३१ जानेवारीअखेर खर्च ४,९१,००० रुपये दाखवला होता. मी व्हाउचरची फाइल आणि कॅशबुक शेजारी ठेवून एकेक बाब तपासत गेलो. टाक्यांच्या खर्चात २५,००० रुपयांची एक रक्कम होती, तिला बिल नव्हते. लोखंडी जाळीच्या दुकानदाराला पुढच्या टाक्यांसाठी दिलेली ती आगाऊ रक्कम होती.

"आगाऊ दिले म्हणजे खात्यातून गेलेच ना? मग खर्चच झाला," ताई म्हणाल्या.

खात्यातून गेले हे खरे, पण खर्च झाला नाही. जाळी आली, बिल आले, साठा नोंदवहीत नोंद झाली की ती रक्कम खर्चात धरायची. तोवर तिला 'अग्रिम' म्हणायचे आणि वेगळ्या ओळीत दाखवायचे. दुकानदाराने उद्या जाळी दिलीच नाही तर ती रक्कम परत मागावी लागेल, म्हणजे ती अजून आपलीच शिल्लक आहे, फक्त दुसऱ्याच्या गल्ल्यात आहे. अग्रिम खर्चात मिसळणे ही लहान संस्थांच्या तक्त्यात मला सगळ्यांत जास्त वेळा दिसलेली चूक. त्यामागे लबाडी क्वचितच असते. खर्चाची टक्केवारी जितकी मोठी दिसेल तितका हप्ता लवकर मिळेल, असा समज असतो. इथे तर त्याची गरजही नव्हती. अग्रिम वजा केल्यावर खर्च ४,६६,००० झाला, म्हणजे मिळालेल्या पाच लाखांच्या ९३.२ टक्के. अट ८० टक्क्यांची होती.

आता हा आकडा बँकेशी जुळतो का ते पाहायचे होते. पाच लाख मिळाले, खात्यावर १,८५० रुपये व्याज जमा झाले, एकूण ५,०१,८५०. त्यातून खर्च ४,६६,००० आणि अग्रिम २५,००० वजा केले की १०,८५० उरायला हवेत. पासबुकात मात्र २८,८५० दिसत होते. फरक अठरा हजारांचा. कॅशबुकाच्या शेवटच्या पानावर उत्तर सापडले : क्षेत्र समन्वयकाला ३१ जानेवारीला दिलेला मानधनाचा धनादेश अजून वटला नव्हता. दोन ओळींचे ताळमेळ पत्रक करून आम्ही ते तक्त्यामागे जोडले. ते नसते तर कंपनीच्या लेखापालाने पासबुकाची प्रत पाहून हाच प्रश्न विचारला असता.

हे तीन आकडे एकमेकांशी बोलले पाहिजेत : तक्त्यातला खर्च, कॅशबुकातली शिल्लक आणि बँकेतली रक्कम. ते जुळत नसतील तर पत्र कितीही चांगले लिहिले तरी अडकते, आणि का अडकले ते संस्थेला बऱ्याचदा कळतही नाही.

व्याजाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. व्याज लपवू नये आणि विसरूही नये. या करारात व्याज प्रकल्पातच वापरायचे आणि हिशेबात दाखवायचे असे होते. सरकारी अनुदानात नियम वेगळा असतो, त्याकडे पुढे येतो.

कमी-जास्त झाले ते का

खर्च स्वच्छ झाल्यावर तो मंजूर अंदाजपत्रकाच्या शेजारी बाबनिहाय मांडायचा असतो. मूळ पत्राच्या तक्त्यात हे केले नव्हते. तिथे सिमेंट, वाळू, जाळी, डिझेल, चहापाणी अशी खरेदीची यादी होती. अंदाजपत्रकात मात्र टाक्या, प्रशिक्षण, मानधन, प्रवास आणि प्रशासकीय खर्च अशा पाच बाबी मंजूर होत्या. वाचणाऱ्याला सिमेंट कोणत्या बाबीत टाकायचे ते कळत नाही. गोषवाऱ्यात मंजूर अंदाजपत्रकातलीच नावे, त्याच क्रमाने हवीत. सिमेंटची बिले फाइलमध्ये आहेतच.

बाबी लावल्यावर दोन ठिकाणी फरक दिसला. प्रशिक्षणासाठी ६०,००० होते, खर्च ४६,००० झाले, कारण आश्रमशाळेने सभागृह विनाभाडे दिले. आणि टाक्यांमध्ये १२ टाक्यांसाठी ३,१२,००० होते, खर्च २,९७,००० झाले, पण टाक्या झाल्या ११.

मूळ पत्रात दुसऱ्या गोष्टीचा उल्लेखच नव्हता. 'टाक्यांचे काम समाधानकारक प्रगतिपथावर आहे' एवढेच वाक्य. मी कारण विचारले तेव्हा ताईंनी जे सांगितले ते त्या पत्रातल्या कोणत्याही वाक्यापेक्षा मोलाचे होते. बारावी टाकी ज्या घराची ठरली होती ते कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला गेले. टाकीच्या देखभालीला घरात माणूस हवा, म्हणून ग्रामसभेत दुसरे घर निवडले. टाकी २६,००० ऐवजी सरासरी २७,००० रुपयांना पडली, कारण दोन पाड्यांवर ट्रक जात नाही. तिथल्या चार टाक्यांसाठी वाळू-सिमेंट ट्रॅक्टरने आणि शेवटी डोक्यावरून वर न्यावे लागले. त्या चार टाक्या प्रत्येकी २८,७५० ला पडल्या, उरलेल्या सात बरोबर २६,००० ला.

इथून पुढचे गणित सरळ आहे. टाक्यांच्या बाबीत १५,००० शिल्लक. बारावी टाकी आता रस्त्यालगतच्या घरी आहे, तिला २६,००० लागतील. कमी पडतात ११,०००. प्रशिक्षणात १४,००० वाचले आहेत. तेव्हा प्रशिक्षणातून ११,००० टाक्यांकडे वळवायचे. पण करारात एका बाबीतून दुसरीकडे १० टक्क्यांपर्यंतच परस्पर वळवायची मुभा होती. साठ हजारांतले अकरा हजार म्हणजे १८ टक्क्यांहून जास्त. म्हणजे लेखी परवानगी लागणार होती, आणि ती मागायची योग्य जागा हेच पत्र होते.

संस्था इथे दोन प्रकारे चुकतात. काही जण न विचारता पैसे वळवतात आणि अंतिम लेखापरीक्षणात तेवढी रक्कम अमान्य होते. काही जण फरक दिसूच नये म्हणून बिले इकडची तिकडे लावतात. दुसरी गोष्ट पकडली गेली तर रक्कम लहान असली तरी विश्वास जातो. ज्याला निधी द्यायचा आहे त्यालाही ठाऊक असते की, कागदावरचे अंदाजपत्रक डोंगरावर जसेच्या तसे उतरत नाही. हप्ते मिळून झालेल्या कामात एकाही बाबीत रुपयाचा फरक नसेल, तर अनुभवी लेखापाल उलट अधिक बारकाईने बघतो.

तारीख कुठून आली

आता उरले 'लवकरात लवकर'. ताईंना विचारले, नेमके केव्हा लागतील? त्यांनी मोजून सांगितले. फेरोसिमेंटच्या टाकीला गिलावा दिल्यावर ती दहा ते चौदा दिवस सतत ओली ठेवावी लागते. पाणी मारले नाही तर गिलाव्याला बारीक चिरा पडतात आणि पहिल्याच पावसात टाकी पाझरते. पाड्यावरच्या विहिरीत एवढे पाणी मार्चअखेरपर्यंत असते. एप्रिलमध्ये प्यायलाच पाणी नसते, तेव्हा टाकीवर कोण मारणार? म्हणजे गिलावे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत व्हायला हवेत, साहित्य मार्चच्या सुरुवातीला पोहोचायला हवे, आणि पैसे फेब्रुवारीअखेर.

मूळ पत्रात पाण्यासाठीच्या पायपिटीवर अर्धे पान होते, पण ही एक गोष्ट नव्हती. दुष्काळाचे वर्णन मंजुरीच्या वेळी होऊन गेलेले असते. हप्ता मागताना पैसे आज का, याचे कारण लागते, आणि ते जेवढे कामातून आलेले तेवढे पटते.

कंपनीच्या बाजूनेही फेब्रुवारीला अर्थ होता. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. चालू प्रकल्पाची न वापरलेली रक्कम कंपनीला वर्षअखेरीनंतर ३० दिवसांत एका वेगळ्या बँक खात्यात वर्ग करावी लागते आणि तिथून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चावी लागते. पैसे बुडत नाहीत, पण कागदपत्रांचा एक टप्पा वाढतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचलेली मागणी म्हणूनच कोणालाच सोयीची नसते.

पुन्हा लिहिलेले पत्र

सगळे हाताशी आल्यावर पत्र लिहायला वीस मिनिटे लागली. ते असे झाले.

दिनांक : ६ फेब्रुवारी

विषय : छतावरील पाणी साठवण प्रकल्प – दुसरा हप्ता ५,००,००० रुपये मिळण्याबाबत

संदर्भ : आपल्यासोबतचा करार (क्रमांक व दिनांक), कलम हप्त्यांचे वितरण

महोदया,

वरील करारानुसार दुसऱ्या हप्त्याची रक्कम ५,००,००० रुपये २८ फेब्रुवारीपर्यंत संस्थेच्या प्रकल्प खात्यात जमा करावी, ही विनंती.

पहिला हप्ता ५,००,००० रुपये ४ ऑक्टोबर रोजी मिळाला. ३१ जानेवारीअखेर त्यातून ४,६६,००० रुपये (९३.२ टक्के) खर्च झाले असून, कराराची ८० टक्के खर्चाची अट पूर्ण झाली आहे. अखर्चित ३४,००० आणि व्याज १,८५० असे एकूण ३५,८५० रुपये शिल्लक आहेत. त्यांपैकी २५,००० लोखंडी जाळीसाठी दिलेले अग्रिम असून १०,८५० बँकेत आहेत. बाबनिहाय गोषवारा सोबत जोडला आहे.

या काळात १२ पैकी ११ टाक्या पूर्ण झाल्या. बाराव्या टाकीचे लाभार्थी कुटुंब स्थलांतरित झाल्याने ग्रामसभेच्या ठरावाने पर्यायी घर निवडले आहे. ही टाकी मार्चमध्ये पूर्ण होईल.

ट्रक न पोहोचणाऱ्या दोन पाड्यांवरील चार टाक्यांना वाहतुकीपोटी ११,००० रुपये अधिक लागले. प्रशिक्षणाच्या बाबीत सभागृह विनाभाडे मिळाल्याने १४,००० रुपये वाचले आहेत. त्यातील ११,००० रुपये टाक्यांच्या बाबीकडे वळवण्यास मान्यता मिळावी. एकूण मंजूर रकमेत वाढ मागितलेली नाही. उर्वरित सर्व टाक्या रस्त्यालगत आहेत.

दुसऱ्या हप्त्यातून फेब्रुवारी ते मे या काळात उर्वरित १४ टाक्या (३,६४,०००), समन्वयकाचे मानधन (७२,०००), प्रवास (२८,०००) आणि लेखापरीक्षणासह प्रशासकीय खर्च (३६,०००) करण्यात येईल. गिलावा दिल्यानंतर सुमारे दोन आठवडे टाकी ओली ठेवावी लागते. गावातील विहिरींना मार्चअखेरपर्यंतच पाणी असल्याने फेब्रुवारीअखेर रक्कम मिळणे आवश्यक आहे.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पद, शिक्का)

सोबत : खर्चाचा गोषवारा, बँक ताळमेळ पत्रक व पासबुकाची प्रत, टाकीनिहाय यादी व छायाचित्रे, ग्रामसभेचा ठराव.

आणि गोषवारा असा :

| बाब | तरतूद (रु.) | खर्च (रु.) | शिल्लक (रु.) |
|---|---|---|---|
| टाक्या (नियोजित १२, पूर्ण ११) | ३,१२,००० | २,९७,००० | १५,००० |
| गवंडी प्रशिक्षण | ६०,००० | ४६,००० | १४,००० |
| समन्वयक मानधन, ४ महिने | ७२,००० | ७२,००० | ० |
| प्रवास | ३२,००० | २९,००० | ३,००० |
| प्रशासकीय खर्च | २४,००० | २२,००० | २,००० |
| एकूण | ५,००,००० | ४,६६,००० | ३४,००० |

आधीचे पत्र आणि हे पत्र शेजारी ठेवले तर दिसेल की, मागणी शेवटच्या ओळीतून पहिल्या ओळीत आली. रक्कम विषयातच आली, त्यामुळे फाइल उघडण्याआधीच काय हवे ते कळते. संस्थेचा इतिहास गेला, कारण तो कंपनीकडे अर्जासोबत आहेच. 'समाधानकारक', 'योग्य', 'मोठ्या प्रमाणात' हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी ११, ९३.२ टक्के, २८ फेब्रुवारी असे आकडे आले. आणि राहिलेले काम, वाढलेला खर्च या दोन गोष्टी संस्थेने स्वतः सांगितल्या, विचारायची वेळ येऊ दिली नाही.

ताईंना एकच शंका होती. "एवढे कोरडे पत्र बरे दिसेल का? आभार तरी मानूया." आभार मानायला हवेतच. पण ते प्रगती अहवालाच्या सोबतच्या पत्रात, टाकीजवळ उभ्या असलेल्या घरच्या माणसांच्या फोटोखाली मानले तर जास्त पोहोचतात. मागणीपत्र फाइलला लागते आणि लेखापालापासून लेखापरीक्षकापर्यंत फिरते. त्यातल्या प्रत्येक वाक्याला तिथे काहीतरी काम असावे.

गोषवारा आणि प्रमाणपत्र

वरचा तक्ता म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र नव्हे. गोषवारा संस्था स्वतः तयार करते आणि वर्षाच्या मध्ये, हप्ता मागताना देते. उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला कार्यालयांत सगळे 'यूसी' म्हणतात, ते ठरावीक नमुन्यात, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने दिलेले विधान असते : इतकी रक्कम मिळाली, इतकी मंजूर कामासाठीच वापरली, इतकी शिल्लक आहे, आणि हे मी तपासून खात्री करून सांगतो आहे. त्यावर सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागत असेल तर त्यावर १८ अंकी यूडीआयएन क्रमांक असतो. हा क्रमांक टाकून प्रमाणपत्र खरे आहे का ते कोणालाही संकेतस्थळावर पडताळता येते. लेखापालाच्या सहीचा कागद यूडीआयएनशिवाय आला तर तो परत येतो. म्हणून कराराचे कलम वाचून आधी ठरवावे की, आत्ता गोषवारा पुरतो की प्रमाणपत्र लागते. आमच्या करारात दुसऱ्या हप्त्याला गोषवारा पुरेसा होता आणि लेखापालाचे प्रमाणपत्र वर्षअखेरीला द्यायचे होते.

निधी केंद्र सरकारचा असेल, उदाहरणार्थ महाविद्यालयातल्या संशोधन प्रकल्पाचा, तर सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू होतात. अनुदान घेणाऱ्या संस्थांसाठी प्रमाणपत्राचा नमुना त्यात दिलेला आहे, त्याला जीएफआर १२-ए म्हणतात. मनाप्रमाणे तयार केलेला तक्ता तिथे चालत नाही. आधीच्या वर्षाची शिल्लक, मिळालेले व्याज, सरकारला परत केलेले व्याज, या वर्षी मिळालेली रक्कम, खर्च आणि अखेरची शिल्लक हे सगळे त्या नमुन्याच्या रकान्यांत भरावे लागते. तीन गोष्टी खास लक्षात ठेवाव्यात. आवर्ती अनुदानात पुढच्या वर्षाच्या मंजूर रकमेपैकी ७५ टक्क्यांहून अधिक रक्कम सुटण्यासाठी मागच्या वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब दोन्ही गेलेले असावे लागतात. मागची अखर्चित शिल्लक पुढच्या मंजुरीत विचारात घेतली जाते, त्यामुळे ती कशासाठी राखली आहे हे पत्रात लिहिले नाही तर पुढची रक्कम तेवढी कमी होऊ शकते. आणि व्याज संस्थेने वापरायचे नसते, ते भारताच्या संचित निधीत भरावे लागते. व्याज भरल्याची पावती जोडली नाही म्हणून मागणी अडकल्याचे मी पाहिले आहे. रक्कम दोन-तीन हजारांची आणि अडकलेला हप्ता लाखांचा.

पाठवण्याआधी

पत्र तयार झाल्यावर आम्ही ते संस्थेतल्याच, या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एका कार्यकर्त्याला वाचायला दिले. जोडपत्रे न उघडता त्याला पाच प्रश्न विचारले. किती हवेत? केव्हापर्यंत? आधीच्या पाच लाखांतले किती खर्च झाले? काय काम राहिले आणि का? कोणती परवानगी मागितली आहे? पाचही उत्तरे त्याने एकदा वाचून दिली. मग त्याने तक्त्यातली बेरीज गणकयंत्रावर केली आणि पत्रातला ४,६६,००० तक्त्यातल्या ४,६६,००० शी ताडून पाहिला. हे हास्यास्पद वाटेल इतके साधे आहे. पण शेवटच्या क्षणी तक्ता बदलतो आणि पत्र तसेच राहते, हे फार वेळा घडते.

कंपनीकडून एकच प्रश्न आला, जाळीच्या दुकानदाराचे कोटेशन पाठवा असा. ते फाइलमध्ये होतेच, त्याच दिवशी गेले. दुसरा हप्ता आणि अकरा हजार वळवण्याची लेखी मान्यता फेब्रुवारी संपण्याआधी मिळाली. मार्चमध्ये गिलावे झाले, विहिरीत पाणी होते, टाक्या ओल्या ठेवता आल्या.

तुमच्या संस्थेचा, शाळेचा किंवा महाविद्यालयाचा पुढचा हप्ता मागायचा असेल तर पहिले वाक्य लिहिण्याआधी करार, पासबुक आणि व्हाउचरची फाइल टेबलावर घ्या. तिन्हींतले आकडे जुळेपर्यंत कागदाला हात लावू नका. जुळले की पहिल्याच ओळीत रक्कम आणि तारीख लिहा.